कशाच्या तुलनेत?

आज १५ ऑक्टोबर, जागतिक हात धुवा दिन. २००८ साली सुरू झालेला हा दिवस आता आपल्याकडच्या शाळांच्या वार्षिक वेळापत्रकात पक्का बसला आहे. खिचडीच्या आधी मुले नळापाशी रांगेत उभी राहतील. बाई तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि शेवटी नखे अशा क्रमाने फेस कसा चोळायचा ते दाखवतील. वर पाठवण्यासाठी फोटोही निघतील. या सोहळ्याला नाके मुरडण्याचे कारण नाही, कारण त्या रांगेतल्या निम्म्या मुलांना घरी जेवणाआधी साबण मिळत नसेल. बोलायचे आहे ते मुलांच्या हातात येणाऱ्या वडीच्या वेष्टनाबद्दल आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्याबद्दल.

'९९.९ टक्के जंतूंचा नाश' हा तो आकडा. तो खोटा असतो असे नाही. प्रयोगशाळेत ठराविक जिवाणूंचे द्रावण घेतात, त्यात ठराविक प्रमाणात साबण किंवा त्यातले औषध घालतात, ठराविक वेळ थांबतात आणि किती जिवाणू जिवंत राहिले ते मोजतात. दहा लाखांतले हजार उरले की ९९.९ टक्के झाले. गणित बरोबर आहे. पण ज्या आईला दोन वड्यांपैकी एक निवडायची आहे, तिचा प्रश्न वेगळा असतो. ती विचारते, या वडीने माझे पोर शेजारच्या साध्या, चार पैसे स्वस्त वडीपेक्षा कमी आजारी पडेल का? वेष्टन या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तिथे तुलना असते ती साबण लावण्याआधीच्या स्थितीशी. साध्या साबणाशी तुलना करून दाखवायची, तर मुलांच्या आजारपणाची मोजदाद करावी लागते, आणि ते काम खर्चाचे, किचकट आणि जाहिरातदाराच्या दृष्टीने धोक्याचे.

तरीही ते काम झाले आहे. आपल्या शेजारीच, कराचीत. तेथील दाट, बकाल वस्त्यांमध्ये एप्रिल २००२ ते एप्रिल २००३ असे वर्षभर चाललेला हा अभ्यास स्टीफन लुबी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. वस्त्यांचे भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून घेतले गेले. २५ भागांमध्ये हात धुण्याचा प्रचार झाला, ११ भाग तुलनेसाठी जसेच्या तसे ठेवले. प्रचार झालेल्या भागांतल्या ३०० कुटुंबांना जंतुनाशक साबण मिळाला. त्यात १.२ टक्के ट्रायक्लोकार्बन होते. दुसऱ्या ३०० कुटुंबांना मिळालेली वडी दिसायला, वासाला आणि वजनाला तशीच होती, फक्त हे एक औषध तिच्यात नव्हते. वेष्टने पांढरी, बिननावाची. कोणत्या घरी कोणती वडी गेली हे ना घरच्यांना ठाऊक, ना घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांना. उरलेल्या ३०६ कुटुंबांना साबण दिला नाही, पण कोणी रिकाम्या हाताने राहू नये म्हणून मुलांसाठी पुस्तके, वह्या, पेन्सिली दिल्या.

कार्यकर्ते दर आठवड्याला दारी जात. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि बाळाला भरवण्याआधी हात धुवा, असे सांगत. हात ओले करा, पूर्ण फेस करा आणि ४५ सेकंद चोळा, हेही सांगत. आणि प्रत्येक भेटीत आजारपण विचारून टिपून घेत. जुलाब कोणाला झाले, अंगावर पुळ्या कोणाच्या आल्या, खोकला कोणाला आहे. खोकणाऱ्या लहान मुलाचे श्वास मोजले जात. दोन महिन्यांवरच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नासावर किंवा एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळिसावर गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे तो न्यूमोनिया धरला जाई. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, पण सर्व घरांना एकच फूटपट्टी.

वर्षाअखेरीस आलेले आकडे कोणालाही थक्क करतील असे होते. ज्यांना साधा साबण मिळाला त्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया, साबण न मिळालेल्या घरांच्या मानाने निम्म्यावर आला. पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी आणि त्वचेवरच्या संसर्गाच्या पुळ्या ३४ टक्क्यांनी कमी झाल्या. एका साध्या वडीने एवढे केले. आणि ट्रायक्लोकार्बनच्या वडीने? तिनेही एवढेच. दोन साबणांमध्ये नाव घेण्याजोगा फरक कोणत्याही आजारात निघाला नाही.

या अभ्यासाला पैसे कोणी दिले, हेही सांगायला हवे. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने. जी वडी तपासली जात होती ती त्यांच्याच 'सेफगार्ड'च्या घराण्यातली. म्हणजे फरक निघावा, अशी सर्वांत जास्त इच्छा ज्यांना असणार त्यांच्याच खर्चाने तो निघाला नाही. कंपनीपुरस्कृत संशोधनाकडे आपण एरवी तिरक्या नजरेने पाहतो. इथे त्या नजरेने पाहिले, तर निष्कर्षाचे वजन उलट वाढते. अभ्यासाला मर्यादा होत्याच. साबण मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांतला फरक थोडा फुगलेला असू शकतो, कारण आपल्याला साबण मिळतो आहे हे त्या घरांना दिसतच होते आणि फुकट साबण देणाऱ्या ताईला 'पोराला बरे नाही' असे सांगणे जिवावर येते. पण दोन साबणांमधल्या तुलनेला ही शंका लागत नाही. तिथे कोणालाच काही ठाऊक नव्हते.

कराचीची वस्ती गरीब, पाणी गढूळ, मुले कुपोषित. तिथले निष्कर्ष सुखवस्तू घरांना कसे लावायचे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर न्यूयॉर्कहून मिळते. एलेन लार्सन आणि सहकाऱ्यांनी उत्तर मॅनहॅटनमधल्या २३८ कुटुंबांना ४८ आठवडे घरातली धुण्यापुसण्याची सगळी उत्पादने पुरवली. निम्म्यांची जंतुनाशक, हात धुण्याच्या साबणात ०.२ टक्के ट्रायक्लोसॅन असलेली, निम्म्यांची साधी. कोणाकडे काय आहे हे इथेही झाकलेले होते. ताप, सर्दी, खोकला, घसा दुखणे, उलट्या, जुलाब यांची नोंद वर्षभर ठेवली. २००४ साली निष्कर्ष आला, दोन्हीकडे आजारपण सारखेच.

असे का व्हावे? ट्रायक्लोसॅन निष्क्रिय तर मुळीच नाही. साठच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ते बनवले गेले आणि पुढे इस्पितळांत शस्त्रक्रियेआधी हात घासण्याच्या द्रावणांत ते वापरले गेले. त्याचा गुण खरा होता. चूक झाली ती इस्पितळातला गुण न्हाणीघरातही तसाच चालेल, असे धरून चालण्यात.

आधी साबण काय करतो ते पाहू. हातावरचे बहुतेक रोगजंतू त्वचेवर तेलकट मळाच्या पातळ थरात अडकून असतात. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. चोळण्याने तो थर उचकटतो, जंतूंसकट फेसात येतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. जंतू जिवंत आहे की मेलेला, याच्याशी या कामाला कर्तव्य नाही. इन्फ्लुएन्झा किंवा करोनासारख्या विषाणूंना बाहेरून चरबीचे आवरण असते, ते साबणाने विरघळून फाटते, हा वरचा फायदा. लंडनमधल्या एका प्रयोगात हे साध्या रीतीने मोजले गेले. स्वयंसेवकांनी सार्वजनिक जागी दाराच्या मुठी आणि कठडे हाताळले, मग काहींनी हात धुतले नाहीत, काहींनी नुसत्या पाण्याने धुतले, काहींनी साध्या साबणाने. विष्ठेतून येणाऱ्या जातीचे जिवाणू न धुतलेल्या हातांवर ४४ टक्के वेळा सापडले, पाण्याने धुतलेल्यांवर २३ टक्के वेळा आणि साबणाने धुतलेल्यांवर फक्त ८ टक्के वेळा. जंतुनाशकाचा थेंबही त्या साबणात नव्हता.

आता या कामात ट्रायक्लोसॅनची भर घाला. ते मारणारे औषध आहे, आणि मारायला वेळ लागतो. दक्षिण कोरियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ०.३ टक्के ट्रायक्लोसॅनचा साबण आणि तोच साबण ट्रायक्लोसॅनविना, असे दोन्ही २० प्रकारच्या जिवाणूंवर वापरून पाहिले. पाणी कधी २२ अंशांचे, कधी ४० अंशांचे. वेळ २० सेकंद. फरक दिसला नाही. फरक दिसला तो जिवाणू त्या साबणात नऊ तास ठेवल्यावर. बेसिनपाशी नऊ तास कोणी उभे राहत नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठ-शहरात स्वच्छतागृहांत लोकांचे निरीक्षण केले, तेव्हा हात धुण्याचा सरासरी वेळ सहा सेकंदांच्या आसपास भरला. त्यात साबणाचा फेस ट्रायक्लोसॅनला स्वतःच धरून ठेवतो. हे औषध तेलात विरघळणारे आहे, त्यामुळे साबणाच्या रेणूंच्या पुंजक्यांत ते अडकते आणि जिवाणूपर्यंत पोचणारा मोकळा हिस्सा घटतो. मारणारा आणि धुऊन काढणारा असे दोघे एका वडीत कोंबले, की दुसरा पहिल्याच्या आड येतो, असा हा प्रकार.

आणि मारायचे कोणाला, हाही प्रश्न आहेच. घरातली बहुतेक सर्दी, खोकला आणि जुलाबांचा मोठा भाग विषाणूंमुळे होतो. जिवाणूंवरच्या औषधाचा तिथे उपयोग नसतो. पण जिवाणूंतही सर्व सारखे नाहीत. १९९८ पर्यंत समजूत अशी होती की ट्रायक्लोसॅन जिवाणूची बाह्यत्वचाच भगदाड पाडून फोडते, त्यामुळे त्याला प्रतिकार निर्माण होणे अवघड. त्या वर्षी टफ्ट्स विद्यापीठातल्या स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवले की कमी प्रमाणात ते एकाच नेमक्या जागी घाव घालते. जिवाणूला आपल्या त्वचेसाठी चरबी बनवावी लागते, त्या कामातला 'फॅब-आय' नावाचा एक विकर ते बंद पाडते. त्या एका विकराच्या जनुकात एवढासा बदल झाला, की जिवाणू ट्रायक्लोसॅनला जुमानत नाही. क्षयाचे जुने, भरवशाचे औषध आयसोनियाझिड ज्या विकरावर काम करते, तो याच विकराचा भाऊबंद. म्हणून त्या शोधनिबंधाने औषधशास्त्रज्ञांची झोप उडवली. दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट कळली. न्यूमोनियाचा मुख्य जिवाणू, न्यूमोकॉकस, हा विकर वापरतच नाही. तेच काम तो दुसऱ्याकडून करून घेतो आणि त्या दुसऱ्यावर ट्रायक्लोसॅनची मात्रा चालत नाही. इस्पितळांना सतावणारा स्यूडोमोनाससुद्धा त्याला दाद देत नाही.

प्रतिकाराच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू मांडायला हव्यात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत प्रतिकार दिसतो हे निर्विवाद आहे. पण न्यूयॉर्कच्या त्याच कुटुंबांच्या हातांवरचे जिवाणू वर्षाअखेर तपासले, तेव्हा जंतुनाशक वापरणाऱ्या घरांत प्रतिकार लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. 'साबणामुळे अँटिबायोटिक्स निकामी होणार' अशा ठोक मथळ्यांना एवढा पुरावा पुरत नाही. धोका शक्य आहे, घराघरांत तो मोजून सिद्ध झालेला नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या औषधाचा फायदा शून्य निघतो, त्याच्यासाठी किरकोळ शक्यतेचा धोकाही का पत्करायचा?

शिवाय ते औषध मोरीतून जाते कुठे? २००३-०४ साली अमेरिकेत अडीच हजारांवर लोकांची लघवी तपासली, तर चारांपैकी तिघांच्या लघवीत ट्रायक्लोसॅन सापडले. सांडपाण्याबरोबर ते नद्यांमध्ये उतरते. आपल्याकडे कावेरी, वेल्लार आणि तामिरभरणी या दक्षिणेतल्या नद्यांच्या पाण्यात त्याची नोंद झाली आहे. पाण्यातल्या शेवाळाला ते थोड्या प्रमाणातही बाधते आणि उन्हात त्याचा काही भाग डायॉक्सिन वर्गातल्या एका रसायनात बदलतो.

एवढा पुरावा हाताशी असताना सरकारी यंत्रणेला निर्णय घ्यायला किती वेळ लागावा? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा साबणांसाठी नियमांचा पहिला मसुदा काढला १९७४ साली. त्याच्या दोनच वर्षे आधी फ्रान्समध्ये हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकाचे प्रमाण चुकून सहा टक्क्यांवर गेलेली बाळपावडर विकली गेली आणि ३६ बालके दगावली. अमेरिकेने त्याच वर्षी हेक्साक्लोरोफीनवर निर्बंध घातले. म्हणजे 'अंगाला लावण्याचे तर आहे, पोटात थोडेच जाते' या समजुतीचा निकाल तेव्हाच लागला होता. तरी ट्रायक्लोसॅनची फाइल ना मंजूर ना नामंजूर अशी पडून राहिली. १९७८ साली दुसरा मसुदा, १९९४ साली तिसरा. मधल्या काळात हे औषध इस्पितळातून स्वयंपाकघरातल्या हँडवॉशच्या बाटलीत, टूथपेस्टमध्ये, पायमोज्यांत आणि भाजी चिरण्याच्या पाटांतसुद्धा शिरले. अखेर एनआरडीसी या पर्यावरणवादी संस्थेने २०१० साली एफडीएलाच कोर्टात खेचले. तिथे २०१३ साली झालेल्या तडजोडीत तारखा बांधून घेतल्या गेल्या, तेव्हा कुठे गाडी हलली.

डिसेंबर २०१३ मध्ये एफडीएने जे विचारले, ते या सगळ्या कहाणीतले सर्वांत शहाणपणाचे वाक्य म्हणावे लागेल. कंपन्यांना सांगितले गेले, की जंतू किती मेले ते पुरे झाले. तुमचा साबण रोज वापरणाऱ्या माणसांना साधा साबण वापरणाऱ्यांपेक्षा संसर्ग कमी होतात, हे माणसांवरच्या चाचण्यांनी दाखवा, आणि वर्षानुवर्षे वापरूनही तो निर्धोक आहे हेही दाखवा. अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. पुरेसे कोणी काही दाखवले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये १९ घटकांवर बंदीचा अंतिम आदेश निघाला आणि वर्षभराने तो अमलात आला. त्या यादीत ट्रायक्लोसॅन होते, ट्रायक्लोकार्बन होते, हेक्साक्लोरोफीन होते आणि फिनॉलही होते. फिनॉल म्हणजे कार्बोलिक. ज्याचा उग्र वास आला की आपल्या दोन-तीन पिढ्यांना 'आता खरी स्वच्छता झाली' असे वाटत असे, तेच. युरोपीय आयोगानेही २०१६च्याच सुरुवातीला मानवी स्वच्छतेच्या जंतुनाशकांत ट्रायक्लोसॅनला मान्यता नाकारली होती.

हा आदेश नेमका कशाला लागू होता, हे समजून घेतले नाही तर भलताच अर्थ निघेल. तो होता पाण्याने धुऊन टाकायच्या, घरगुती वापराच्या साबणांपुरता. इस्पितळांतली द्रावणे त्यात नव्हती, आणि ते योग्यच होते. शस्त्रक्रियेआधी सर्जन मिनिटांच्या हिशेबाने हात घासतो, समोर उघडी जखम असते आणि हातमोजा फाटला तर त्वचेवर जंतूंची नव्याने वाढ रोखून धरणारे काही तरी लागते. तिथे क्लोरहेक्सिडिनसारख्या द्रव्यांचे काम साध्या साबणाने भागत नाही. ट्रायक्लोसॅनचा लेप दिलेले टाके शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग कमी करण्यासाठी वापरावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच केली आहे. टाका दिवसचे दिवस मांसात राहतो, औषधाला वेळ मिळतो. अल्कोहोलचे सॅनिटायझरही या आदेशाबाहेर होते. त्यांचे काम वेगळे आणि हातावर ओली माती वा तूप नसेल तर चोख.

बंदीत एक पळवाटही राहिली. बेंझाल्कोनियम क्लोराइड, बेंझेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या तिघांवरचा निर्णय एफडीएने पुढे ढकलला, कंपन्यांना अभ्यास करायला सवड हवी म्हणून. ती सवड पुढे वर्षागणिक वाढत गेली. दरम्यान ट्रायक्लोसॅन काढलेल्या बाटल्यांत बेंझाल्कोनियम आले आणि लेबलावर 'ट्रायक्लोसॅनमुक्त' असे अभिमानाने छापले गेले. एक गेला, दुसरा आला, प्रश्न होता तिथेच. आपल्याकडे त्या आदेशाची सक्ती नव्हती, पण जागतिक कंपन्यांचे घटक जगभर बदलतात तसे आपल्या दुकानांतही बदलत आले आहेत. हल्ली वेष्टनावर चांदीचे कण, कडुलिंब, तुळस अशी नावे दिसतात. कडुलिंबाबद्दल आम्हालाही आदर आहे. पण वडीतल्या कडुलिंबाने साध्या वडीपेक्षा जुलाब किती कमी झाले, हा आकडा त्यानेही द्यायला हवा. परंपरेचा मान म्हणून त्याला परीक्षेतून सूट मिळू नये.

मग दुकानात उभे राहून पाहायचे काय? वेष्टन उलटे करावे. मागे बारीक अक्षरांत 'टीएफएम' असे लिहून टक्केवारी दिलेली असते. वडीत तेला-तुपापासून आलेले स्निग्धाम्लांचे एकूण प्रमाण, म्हणजे प्रत्यक्ष साबण किती, याचा तो अंदाज. पहिल्या प्रतीच्या साबणात तो ७६ टक्के किंवा अधिक असतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत तो त्याहून बराच कमी असू शकतो आणि ती मानकांनुसार साबणच नव्हे. हात स्वच्छ होण्यासाठी ७६चा हट्ट धरण्याची गरज नाही. कमी टीएफएमची वडीसुद्धा मळ काढते, फक्त लवकर गळते आणि त्वचा कोरडी करते. पण पुढच्या बाजूच्या ९९.९पेक्षा मागचा हा आकडा ग्राहकाला पैशांबद्दल अधिक काही सांगतो.

शाळांसाठी, अंगणवाड्यांसाठी घाऊक साबण घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यायलाच हवे. निविदेत 'जंतुनाशक' हा शब्द घातला की तेवढ्याच पैशांत वड्या कमी येतात. आणि आपली खरी टंचाई तिथेच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत, २०१८ साली, जेवणाआधी साबणाने हात धुणारी कुटुंबे देशात अवघी ३५.८ टक्के निघाली. ग्रामीण भागात तर २५.३ टक्के. साधारण ६० टक्के कुटुंबे नुसत्या पाण्यावर भागवत होती. लंडनच्या प्रयोगातला ४४ वरून २३चा टप्पा त्यांनी गाठला आहे. २३ वरून ८वर जाण्यासाठी ट्रायक्लोसॅन लागत नाही, कोणतीही वडी लागते, पण ती नळापाशी असावी लागते.

ती नळापाशी टिकत नाही, ही गाऱ्हाण्याची जागा शिक्षकांच्या चांगलीच परिचयाची आहे. सकाळी ठेवलेली वडी दुपारपर्यंत पाण्यात पडून गळते, कोणी तरी घरी नेते, नाही तर कावळा पळवतो. कावळ्याला साबणातली चरबी आवडते. काही ठिकाणी वडी जुन्या पायमोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत घालून नळाला टांगतात, ती टिकते. कराचीचाही अनुभव असाच काहीसा बोलका आहे. अभ्यास संपून फुकट साबण आणि आठवड्याच्या भेटी थांबल्यावर काही काळाने लुबींचा गट त्याच घरांत परत गेला. साबणासह हात धुण्याची जागा त्या घरांत अधिक दिसली, पण साबणाची खरेदी इतरांइतकीच होती आणि जुलाबांतला फरक उरला नव्हता.

बांगलादेशातल्या संशोधकांनी या अडचणीवर जो उपाय काढला, त्याला वडीच लागत नाही. दीड लिटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरायचे, त्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर, कपडे धुण्याची पावडर घालून हलवायचे आणि झाकणाला खिळ्याने भोके पाडायची. ढाक्यात या साबणपाण्याची वडीशी रीतसर तुलना केली गेली, तेव्हा हातांवरचे जिवाणू कमी करण्यात ते वडीच्या तोडीचे निघाले. कावळा ते नेत नाही, चोरून घरी न्यावे असे कोणाला वाटत नाही, आणि बाटली संपत आली की ते दुरूनही दिसते. आजच्या फोटोतला साबण उद्या कपाटात जाणार असेल, तर परवाच्या खिचडीसाठी अशी एक बाटली भरून नळाला बांधायला मुख्याध्यापकांना कोणाच्या मंजुरीची गरज नाही.